झुळूक एका कानात, भारद्वाज दोन्ही कानांत

येऊरच्या पायथ्याशी सकाळी साडेसहाला केलेलं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग मी आत्ता तुम्हाला ऐकवलं. भारद्वाज घुमतोय, मध्ये दोनदा वारा भसकन येतो आणि एकतिसाव्या सेकंदाला ‘ठप्’. तो ठप् माझाच. रेकॉर्डर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, दुसरं काही नाही.

हा वारा आणि ठप् काढायला बहुतेक जण पहिल्यांदा सॉफ्टवेअरमधल्या Noise Reduction कडे धावतात. मीही धावलो होतो. ते पंख्याच्या एकसुरी घरघरीसाठी ठीक आहे, वारा मात्र क्षणाक्षणाला बदलतो. शिवाय त्यातून मागे एक ओलसर किलबिल उरते. पक्ष्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकी तीच नको! एकदा मी त्या किलबिलीला चक्क शिंजीर समजून बसलो होतो.

स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, उघडा आणि फक्त खालचे दोन हजार हर्ट्झ दिसतील एवढा मोठा करा. वाऱ्याचा चिखल बहुतेक दोनशेच्या खाली साचलेला दिसेल. तांबट असता तर सरळ चारशेवर हाय-पास लावून, म्हणजे त्याखालचं सगळं कापून, मोकळा झालो असतो. पण इथे भारद्वाजाचा घुमार तीन-चारशेलाच आहे. म्हणून High-Pass Filter दीडशेवर, उतार दर सप्तकाला २४ डीबी. त्याहून वर गेलात की भारद्वाज डब्यात बसून बोलल्यासारखा पोकळ होतो.

पहिली झुळूक एवढ्याने विरली. दुसरी जोरदार होती, ती चारशेपर्यंत चढली. तिथे फिल्टर चालत नाही, कारण वारा आणि पक्षी एकाच पट्ट्यात आहेत. मग डावा आणि उजवा चॅनल वेगळे करून ऐकले. वाऱ्याचा हा खडखडाट दुरून येत नाही. हवेचे भोवरे माइकच्या पडद्यावरच आपटतात, त्यामुळे दोन्ही माइकवर ते वेगवेगळे पडतात. भारद्वाज मात्र दोन्हीकडे सारखाच. माझा डावा चॅनल शांत निघाला. तेवढे दोन सेकंद डाव्याचाच आवाज दोन्हीकडे ठेवला आणि कडा हलक्या मिसळल्या. स्टिरिओची रुंदी क्षणभर जाते, हे मान्य.

ठप् दोन घुमारांच्या मधल्या शांततेत पडला, हे नशीब. तो कापून टाकू नका. कापलात तर घुमारांमधलं अंतर बदलतं आणि पक्ष्याची लय खोटी होते. शेजारची तेवढ्याच लांबीची शांतता उचलून त्यावर बसवा, दोन्ही टोकांना वीसेक मिलिसेकंदांचा फेड द्या. घुमारावरच पडला असता, तर मी तो तसाच ठेवला असता.

आता मागच्या रांगेतून विचारलंय, लाट वर सपाट कापलेली दिसत असेल तर? म्हणजे झुळुकेने रेकॉर्डरच ओसंडला. फिल्टर लावल्यावर लाट गोल दिसेल, पण त्या क्षणीचा पक्षी मुळात नोंदलाच गेलेला नाही. तेवढा तुकडा सोडून द्या, आणि पुढच्या वेळी माइकला केसाळ टोपी घाला. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी वेगळी ठेवा.