दोन फिकट बाळं

(कोल्हापुरात परिचारिका, आशाताई आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

दोन रिपोर्ट समोर ठेवून सुरुवात करतो. पहिलं बाळ पूर्ण दिवसांचं. जन्माचं वजन ३.४ किलो, हिमोग्लोबिन १७. दहाव्या आठवड्याच्या लसीला आणलं तेव्हा आजीच्या मनात आलं की बाळ जरा पांढरं पडलंय. तपासलं, तर १०.८. दुसरं बाळ २९ आठवड्यांचं, ११५० ग्रॅमचं, पेटीत वाढलेलं. जन्मतः १५ होतं, सहाव्या आठवड्यात ८.१. ही दोन्ही बाळं मी हिशेबासाठी धरलीत, पण असे आकडे नवजात विभागात नेहमी दिसतात. दोन्ही घरांचा प्रश्न एकच असतो: रक्त कुठं गेलं?

पहिल्या बाळाचं फारसं कुठंच गेलेलं नाही. तोंडी हिशेब करू. नवजात बाळाच्या अंगात किलोमागं साधारण ८५ मिली रक्त असतं. म्हणजे जन्मावेळी २९० मिली. दर १०० मिलीत १७ ग्रॅम, म्हणजे एकूण ४९ ग्रॅम हिमोग्लोबिन. दहाव्या आठवड्यात बाळ ५.४ किलोचं झालंय, रक्त सव्वाचारशे मिलीच्या घरात. त्याला १०.८ नं गुणलं की ४६ ग्रॅम येतात. तीन ग्रॅमचाच फरक. बाळ वाढलं, रक्ताचं पाणी वाढलं, हिमोग्लोबिन मात्र होतं तेवढ्यातच राहिलं. म्हणून रिपोर्टवरचा आकडा उतरला.

आता पुढचा प्रश्न. बाळ वाढत असताना शरीरानं पुरेशा नवीन लालपेशी का केल्या नाहीत? याचं उत्तर जन्माच्या क्षणात आहे.

आईच्या पोटात ऑक्सिजन तुटपुंजा असतो. गर्भाच्या धमन्यांतल्या रक्ताची ऑक्सिजन-पातळी ६० टक्क्यांच्या आसपास असते. वॉर्डात मशीनवर ६० दिसलं तर आपली पळापळ होईल, पण गर्भाचं ते रोजचं हवामान आहे. या तुटवड्यामुळं गर्भाचं यकृत एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक भरपूर बनवतं आणि ते अस्थिमज्जेला लालपेशी बनवायला लावतं. हे संप्रेरक आईकडून वारेतून येत नाही, बाळाचं बाळच बनवतं. जन्मावेळी हिमोग्लोबिन १७ असतं ते यामुळं.

मग बाळ रडतं, फुप्फुसं उघडतात आणि काही मिनिटांत ऑक्सिजन ९० च्या पुढं जातो. टंचाई संपली. एरिथ्रोपोएटिन काही दिवसांत जवळपास शून्यावर येतं आणि मज्जा शांत होते. हे बघायची तपासणी म्हणजे रेटिक काउंट, म्हणजे ताज्या लालपेशींचं प्रमाण. जन्मावेळी ते ३ ते ७ टक्के असतं, आठवड्याभरात १ टक्क्यावर किंवा त्याखाली येतं. इकडं जुन्या पेशी मरतच असतात. मोठ्या माणसाची लालपेशी १२० दिवस जगते, नवजाताची ६० ते ९०. आवक मंद आणि जावक चालू, त्यामुळं आकडा उतरत जातो आणि ८ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान साडेनऊ ते अकराच्या आसपास तळाला लागतो. तिथं पोहोचल्यावर ऑक्सिजनची ओढाताण पुन्हा जाणवते, एरिथ्रोपोएटिन वर येतं आणि मज्जा कामाला लागते.

इथं कुणीही विचारेल, १७ चे १०.८ झाले तरी बाळ हसतंय, दूध ओढतंय, वजन घेतंय, हे कसं? कारण याच दहा आठवड्यांत रक्ताचा प्रकार बदललेला असतो.

गर्भाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात, गर्भाच्यात बीटाच्या जागी गॅमा. लालपेशीत २,३-डीपीजी नावाचा एक पदार्थ असतो. तो हिमोग्लोबिनला चिकटला की ऑक्सिजन सैल सुटतो. गॅमा साखळीला तो नीट चिकटत नाही, म्हणून गर्भाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं. पोटात हे सोयीचंच असतं, कारण आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो. बाहेर आल्यावर तीच पकड आड येते.

आपल्याकडच्या बंधाऱ्यावर बघा. सगळे बरगे घातलेले असले की वर पाणी तुडुंब दिसतं, पण खालच्या मळ्याला थोडंच मिळतं. चार बरगे काढले की वरची पातळी उतरते आणि खालचं पाणी तेवढंच राहतं, कधी वाढतंही. रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन ही वरची पातळी आहे. बाळाच्या मेंदूला आणि स्नायूंना मतलब खालच्या पाण्याशी.

ही पकड मोजता येते. निम्मं हिमोग्लोबिन ऑक्सिजननं भरलेलं असायला किती दाब लागतो, तो आकडा मिलिमीटर पाऱ्यात पाहायचा. जितका कमी, तितकी पकड घट्ट. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मावेळी तो सुमारे १९ असतो, दोन-अडीच महिन्यांत २५ च्या आसपास येतो आणि मोठ्यांत २६-२७ असतो. आता पेशींजवळ ऑक्सिजनचा दाब ३० धरून गणित मांडू. जन्मावेळी हिमोग्लोबिन आपल्यातला जेमतेम २२ टक्के ऑक्सिजन सोडतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं, त्या हिशेबानं १७ ग्रॅमकडून १०० मिली रक्तामागं ५ मिली ऑक्सिजन पेशींना मिळाला. दहाव्या आठवड्यात तेच हिमोग्लोबिन ३५ टक्के सोडतं. १०.८ गुणिले १.३४ गुणिले ०.३५ करा, पुन्हा ५ मिलीच येतात. हे ढोबळ गणित आहे, पण आजीची शंका फेडायला पुरेसं आहे. या बाळाला रक्तवाढीचं टॉनिक लागत नाही. लोह दिलं तरी हा तळ टळत नाही, कारण कमतरता लोहाची नसून एरिथ्रोपोएटिनच्या हुकमाची आहे. मेलेल्या पेशींतलं लोह वाया जात नाही, ते अंगातच साठून राहतं. दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागं सुमारे ३.४ मिलिग्रॅम. मज्जा जागी झाली की तेच वापरलं जातं.

आता दुसरं बाळ. नियम तेच, पण एकेक बाजू त्याच्या विरोधात जाते.

पहिली बाजू संवेदकाची. एरिथ्रोपोएटिन बनवायचं काम गर्भात यकृताकडं असतं, पुढं ते मूत्रपिंडाकडं जातं. यकृताला जाग यायला ऑक्सिजनची बरीच मोठी टंचाई लागते. मूत्रपिंड लवकर ओळखतं. ही बदली गर्भधारणेपासूनच्या वयाप्रमाणं होते, लवकर जन्म झाला म्हणून लवकर होत नाही. त्यामुळं २९ आठवड्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन ८ ला आलं तरी यकृत म्हणतं, अजून चाललंय. त्यात या बाळाच्या अंगात एरिथ्रोपोएटिनचा निचराही वेगानं होतो. पूर्ण दिवसांच्या बाळात ११ ला जो हुकूम सुटतो, तो इथं ७-८ ला सुटतो, आणि तळ येतो तो ४ ते ६ आठवड्यांतच.

दुसरी बाजू हिमोग्लोबिनच्या प्रकाराची. गॅमाकडून बीटाकडं जाणंही त्याच पंचांगानं चालतं. २९ आठवड्यांच्या बाळात नव्वद टक्क्यांच्या आसपास गर्भाचंच हिमोग्लोबिन असतं आणि बाहेरचं रक्त चढवलं नसेल तर सहाव्या आठवड्यातही बहुतेक तेच. पकडीचा आकडा २१ धरला तर ते २५ टक्केच ऑक्सिजन सोडतं. ८.१ गुणिले १.३४ गुणिले ०.२५ म्हणजे २.७ मिली. पहिल्या बाळाला ५ मिली मिळत होते. म्हणजे पाणीही उतरलं आणि बरगेही तसेच राहिले. म्हणून मुदतपूर्व बाळाचा फिकटपणा 'नैसर्गिकच आहे' म्हणून सोडून देता येत नाही.

तिसरी बाजू आपल्या हातातली, आणि मला तीच सगळ्यात जास्त टोचते. ११५० ग्रॅमच्या बाळात किलोमागं ९५ मिली धरलं तरी एकूण रक्त ११० मिली, चहाच्या एका छोट्या कपाएवढं. पहिल्या दोन आठवड्यांत दहा वेळा दीड-दीड मिली नमुना घेतला, की १५ मिली गेले. जवळपास १४ टक्के. मोठ्या माणसात याच प्रमाणात रक्त काढायचं तर ३५० मिलीच्या दोन पिशव्या भराव्या लागतील. म्हणून काढलेलं रक्त दुधाच्या नोंदीसारखं तक्त्यावर मिलीत लिहायचं, तपासण्या एकत्र करायच्या आणि छोट्या नळ्या वापरायच्या. जन्मावेळी बाळाची आणि आईची प्रकृती परवानगी देत असेल तर नाळ बांधायला ३० ते ६० सेकंद थांबलं की उलट काही मिली रक्त फुकटात मिळतं.

मग ८.१ ला रक्त चढवायचं का? एकट्या आकड्यावर ठरवू नये. आपलं बाळ आता १७२० ग्रॅमचं आहे, ऑक्सिजन लागत नाही, झोपेत नाडी १५० आहे, वाटी-चमच्यानं पूर्ण दूध घेतं आणि वजन रोज वाढतं. रेटिक पाचव्या आठवड्यात ०.८ होतं, सहाव्यात २.५ झालं. म्हणजे हुकूम सुटलाय. इथं थांबायचं आणि आठवड्यानं पुन्हा तपासायचं. आकडा आणखी थोडा उतरून ७.८ झाला पण रेटिक ५ वर गेलं, तरी मी घाबरणार नाही. याउलट, शांत झोपेतही नाडी १७०-१८० राहते, दूध पुरेसं असून वजन अडलंय, दूध पिताना थकतं, श्वास थांबण्याचे झटके पुन्हा सुरू झालेत आणि रेटिक १ च्या खालीच आहे, तर वाट बघण्यात अर्थ नाही. किलोमागं साधारण १५ मिली रक्त तीन-चार तासांत सावकाश दिलं जातं. २०२० साली १००० ग्रॅमखालच्या बाळांवरच्या दोन मोठ्या अभ्यासांचे निकाल आले. रक्त चढवायची रेषा वर ठेवली काय किंवा खाली ठेवली काय, दोन वर्षांच्या वयाला मृत्यू आणि मेंदूच्या वाढीतला दोष यांत फरक दिसला नाही. त्यातल्या एका अभ्यासात तिसऱ्या आठवड्यानंतर श्वासाचा आधार नसलेल्या बाळांसाठी खालची रेषा ७ ग्रॅमच्या आसपास होती.

चढवलेलं रक्त मोठ्या माणसाचं असतं, ते ऑक्सिजन सैल सोडतं. बाळाला लगेच बरं वाटतं, आणि नेमकं त्यामुळंच एरिथ्रोपोएटिन पुन्हा झोपी जातं. पुढचा तळ लांबतो, इतकंच. एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन का देत नाहीत, असं पालक हमखास विचारतात. त्यानं रक्त चढवायची गरज काही प्रमाणात कमी होते. पण परिणाम दिसायला आठवडाभर तरी जातो, आणि नाजूक बाळांना रक्त बहुतेक वेळा त्याआधीच लागून गेलेलं असतं.

एक ओळख लक्षात ठेवा. तळाला येतानाच्या या साध्या घसरणीत रेटिक कमी असतं आणि कावीळ नसते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच आकडा कोसळतोय, डोळे पिवळे आहेत आणि रेटिक चढं आहे, तर पेशी फुटताहेत. आई आरएच निगेटिव्ह आहे का, हे आधी बघा. पूर्ण दिवसांच्या बाळाचं हिमोग्लोबिन ९ च्या खाली गेलं, तर त्याचंही कारण शोधायला हवं.

राहिलं लोह. ते बाळाच्या अंगात साठतं मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि २९ आठवड्यांच्या बाळाच्या वाट्याला ते महिने आलेच नाहीत. तळ त्यानं टळणार नाही, पण मज्जा जागी झाल्यावर माल कमी पडेल. आपल्या सरकारी कार्यक्रमातलं लोहाचं सिरप सहा महिन्यांपासून सुरू होतं. ते पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ठीक आहे, या बाळानं तेवढं थांबायचं नाही. दूध पूर्ण पचू लागल्यावर, दोन ते चार आठवड्यांच्या वयापासून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं किलोमागं रोज २ मिलिग्रॅम तरी लोह लागतं. १७२० ग्रॅमला साडेतीन मिलिग्रॅम. चूक होते ती बाटली वाचताना. लेबलवर क्षाराचं वजन वेगळं आणि त्यातल्या प्रत्यक्ष लोहाचं वजन वेगळं छापलेलं असतं, आपल्याला दुसरं हवं. एका मिलीत १० मिलिग्रॅम लोह असेल तर रोज ०.३५ मिली. ते १ मिलीच्या सिरिंजनं मोजा, थेंब मोजू नका, आणि वजन वाढेल तसा दर भेटीला डोस पुन्हा काढून घ्या.