जेजुरीजवळचा बर्फ

(भूगोलाचे विद्यार्थी आणि पाणलोटाचं काम करणारे कार्यकर्ते यांच्यासमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजच्या पत्रिकेवर लिहिलंय, ‘वेगवेगळ्या सेलची रास्टर जुळवणे’. विषय वाचूनही तुम्ही आलात. बाहेर पाऊस आहे म्हणून आला असाल तरी चालेल. मला वेळ दिलाय चाळीस मिनिटांचा, त्यातली पाच माझा परिचय करून देण्यात गेली.

रास्टर म्हणजे काय ते इथे सांगत बसत नाही. उताराचं एक रास्टर, जमिनीवर काय आहे त्याचं दुसरं, दोन्ही सेल-सेल गुणायची आणि जागा निवडायची, हे इथल्या बहुतेकांनी केलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की गुणाकार करणाऱ्या यंत्राला जमीन दिसत नाही. त्याला दिसतात ओळी आणि स्तंभ. पहिल्या फाइलच्या सातव्या ओळीतला नववा आकडा तो दुसऱ्या फाइलच्या सातव्या ओळीतल्या नवव्या आकड्याशी गुणतो. ते दोन सेल जमिनीवर एकाच जागी आहेत की नाहीत, ही जबाबदारी आपली.

आता माझी आवडती गोष्ट. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी मोबाइल बघावा.

आम्ही पुरंदर तालुक्यात शेततळ्यांच्या जागा शोधत होतो. उतार पाच टक्क्यांहून कमी आणि जमीन लागवडीखालची, एवढ्या दोनच अटी. उतारासाठी एसआरटीएमची उंची, साधारण ३० मीटरची. तीही दोन तुकड्यांत, कारण ७४ अंश रेखांश सासवडच्या अगदी जवळून जातो आणि तिथे एक फाइल संपून दुसरी सुरू होते. जमिनीसाठी वर्ल्डकव्हर, १० मीटरचं. आमच्या एका मुलाने दोन्ही ३० मीटरवर आणली, एकाच जाळीत बसवली. इथपर्यंत सगळं शाबास! पण तालुक्याच्या हद्दीने कापताना उताराला एक हद्दीची फाइल वापरली आणि जमिनीला दुसरी. (एकाच तालुक्याच्या दोन हद्दी कशा, हे विचारू नका. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे आणि त्याला मानधन जास्त लागेल.) परिणाम असा की उताराच्या रास्टरला पश्चिमेकडे तीन स्तंभ आणि उत्तरेकडे दोन ओळी जास्त आल्या.

`gdal_calc.py` ने गुणायला नकार दिला, मापं वेगळी आहेत म्हणून. मग पोराने काय करावं? नमपायमध्ये उताराचे शेवटचे तीन स्तंभ आणि शेवटच्या दोन ओळी छाटल्या. मापं सारखी झाली, गुणाकार झाला, नकाशा रंगला. जास्तीचे सेल होते डावीकडे आणि वर. छाटले उजवीकडचे आणि खालचे. म्हणजे सगळा उतार ९० मीटर पूर्वेला आणि ६० मीटर दक्षिणेला सरकून बसला, तिरपा मोजला तर १०८ मीटर. आणि त्या नकाशावर तपासणारा म्हणून सही माझी.

आम्ही छापील नकाशा घेऊन पहिल्या जागेवर गेलो. डोंगराच्या कडेचं टप्प्याटप्प्याचं शेत, खाली अंजिराची बाग, तिच्यापलीकडे ओढा. शेतकरी आजोबा नकाशाकडे बघत म्हणाले, “तळं खणायला माझी ना नाही साहेब. पण पाणी वढ्याला हाय. ते वर चढून येणार कसं, तेवढं नकाशात दावा.”

दुसऱ्या जागेवर तेच, तिसऱ्या जागेवर तेच. तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. उंचीच्या आकड्यांमध्येच चूक असती तर सपाट जागा कधी इकडे, कधी तिकडे निघाली असती. इथे प्रत्येक वेळी खरी सपाट जमीन वायव्येला, शंभरेक मीटरवर. चूक सगळीकडे एकाच दिशेने आणि एकाच अंतराने येत असेल तर आकड्यांवर संशय घेऊ नका, जाळी सरकली आहे का ते बघा.

आणि एक छुपा खड्डा सांगतो. `gdal_calc.py` नेहमीच्या पद्धतीने चालवलं तर ते फक्त ओळी-स्तंभांची संख्या ताडून बघतं. जागा बघतच नाही. म्हणून हल्ली मी `--extent=fail` लिहिल्याशिवाय ते चालवत नाही. हद्द जुळली नाही की ते तिथल्या तिथे थांबतं.

(आयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं. बरं.)

तर जुळवायचं कसं. आधी एक जाळी ठरवा आणि प्रत्येक फाइल मूळ प्रतीवरून थेट त्याच जाळीत आणा. सेल ३० मीटरचा, कारण उताराची माहितीच तेवढी ठळक आहे. १० चा केला तर बारकावा वाढत नाही, फाइल तेवढी नऊपट होते. चौकटीचे चारही आकडे ३० ने भाग जाणारे घ्या आणि दोन्हींना तेच द्या:

```
gdalwarp -t_srs EPSG:32643 -tr 30 30 \
  -te 378000 2001000 432000 2041500 \
  -r bilinear srtm.tif unchi.tif
gdalwarp -t_srs EPSG:32643 -tr 30 30 \
  -te 378000 2001000 432000 2041500 \
  -r mode worldcover.tif jamin.tif
```

`-tr` आणि `-te` दिले नाहीत तर सेलचं माप आणि कोपरा ते आपल्या मनाने ठरवतं. आता दोन्हींवर `gdalinfo` चालवा. `Size is 1800, 1350` आणि `Origin` दोन्हीकडे तंतोतंत तेच हवं. उतार काढायचा तो या जुळवलेल्या उंचीवरून. तो शेजारचे आठ सेल बघतो, म्हणून चौकट तालुक्यापेक्षा थोडी मोठी ठेवा आणि तालुक्याच्या हद्दीने अगदी शेवटी कापा.

दोन्ही आज्ञांत `-r` वेगळा आहे, तो सगळ्यात महत्त्वाचा. उंचीची सरासरी निघते. जमिनीच्या प्रकाराची निघत नाही, कारण ते आकडे म्हणजे नुसती नावं आहेत. वर्ल्डकव्हरमध्ये ६० म्हणजे उघडी जमीन, ८० म्हणजे पाणी. एकदा माझ्याच हातून जमिनीलाही `bilinear` गेलं. नाझरे धरणाच्या काठावर, जिथे उघडी जमीन आणि पाणी भेटतात, तिथे ६० आणि ८० च्या मधले आकडे उमटले. बरेचसे अर्थहीन, ६७, ७३ असले. पण काही सेल बरोबर ७० चे. ७० म्हणजे हिम आणि बर्फ! जेजुरीपासून हाकेच्या अंतरावर. खंडोबाला भंडाऱ्याऐवजी बर्फ उधळायची वेळ आणली मी. `mode` म्हणजे त्या सेलमध्ये ज्याची संख्या जास्त तो प्रकार. माहीत नसलेला आकडा त्यातून जन्माला येत नाही.

उंचीला उलटी चूक करू नका. तिथे `near` वापरलं तर कुठे एखादी ओळ दोनदा येते, कुठे एखादी गळते, आणि उताराच्या नकाशावर आडव्या-उभ्या पट्ट्या दिसतात. सतरंजी अंथरल्यासारख्या. त्या दिसल्या की परत मागे जा.

पावसाचं सांगायचं राहिलं. पत्रिकेत तोच मुख्य मुद्दा होता, माफ करा. चर्प्सचा सेल ०.०५ अंशाचा, म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या आसपास. त्या एका सेलमध्ये आपले ३० मीटरचे साधारण ३२ हजार सेल मावतात. तोही त्याच चौकटीत आणा, हरकत नाही, गुणाकारासाठी आणावाच लागेल. पश्चिमेकडे पाऊस जास्त आणि पूर्वेकडे कमी, हे त्यातून कळेल. पण `bilinear` ने तो गुळगुळीत दिसला म्हणून शेजारच्या दोन शेतांच्या पावसातला फरक त्यात वाचू नका. तो फरक मोजलेलाच नाही.

दिवे लावा म्हणतायत. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी थांबा, आधी प्रत्येकाचं `Origin` बघू, चहा नंतर.