केळं की पपई? टोनरची ट्यूब उघडण्याआधी

नमस्कार तायांनो. माईक जरा खाली घेते. मागच्यांना ऐकू येतंय ना? भुसावळ, पाचोरा, शहादा, पार तिकडून गाड्या बदलत आल्यात तुम्ही, म्हणून वेळ न घालवता मुद्द्यावर येते. विषय कळवलेलाच आहे, ब्लीच केलेल्या केसांची नको असलेली झाक मारायला जांभळा टोनर कधी आणि निळा कधी. टेबलावर मी एक पिकलेलं केळं आणि अर्धी कापलेली पपई ठेवलीय, ती खायची नाही, निदान व्याख्यान संपेपर्यंत तरी नाही.

आपल्या भाषेत एक अडचण आहे आणि ती मला फार दिवसांपासून सांगायचीय. ब्लीच धुतल्यावर केस कसेही निघोत, आपण सगळ्या एकच शब्द वापरतो, पिवळे. क्लायंट आरशात बघते आणि म्हणते "ताई, मन्हा केस पिवया व्हई ग्यात", आपणही मान डोलावतो आणि डोक्यात पाठ असतं की पिवळ्यावर जांभळा, म्हणून जांभळी ट्यूब उघडतो. पण दहातल्या बऱ्याच डोक्यांवर ते पिवळं नसतंच हो, ते केशरी असतं! काळ्याला एक आणि सगळ्यात फिकट सोनेरीला दहा धरलं तर आपले केस मुळात काळे, म्हणजे लेव्हल एक-दोन. काळ्यातून वर येताना केस आधी लालसर तपकिरी होतो, मग लाल-केशरी, मग केशरी, मग केशरी-पिवळा, मग पिवळा, आणि सगळ्यात शेवटी फिकट पिवळा. ब्लीच काळं रंगद्रव्य लवकर तोडतं आणि तांबूस-पिवळं रंगद्रव्य चिवट, ते मागे उरतं, म्हणून हा प्रवास असा होतो. एका बैठकीत आपण बहुतेक वेळा केशरीच्या आसपास अडकतो, आणि नाव देतो पिवळं.

ही माझी स्वतःची चूक होती, सांगते. 2019 सालची गोष्ट, लग्नसराई, मे महिना, बाहेर ऊन असं की दाराच्या कडीला हात लावता येईना. यावलकडची एक मुलगी आली, नवरीची बहीण, कमरेपर्यंत केस, मोबाईलमध्ये राखाडी-सोनेरी केसांचा फोटो. दोन दिवसांनी हळद. मी विचारलं काही लावलंय का आधी, ती म्हणाली काहीच नाही, आणि मागून तिची काकू म्हणाली, "दोन वर्षं आधी मेहंदी लावायची ना गं तू." मी ते ऐकलं पण मनावर घेतलं नाही. दोन वर्षांत केस साधारण बारा इंच वाढतात, म्हणजे वरचा फूटभर कोरा आणि त्याच्या खाली कमरेपर्यंत सगळी जुनी मेहंदी. मेहंदीचा रंग केसाच्या आत धरून बसतो, ब्लीचने तो पूर्ण निघत नाही, केशरीच राहतो.

ब्लीच पावडर एक भाग, वीस व्हॉल्यूमचं पेरॉक्साइड दोन भाग, फॉइलमध्ये पंचेचाळीस मिनिटं. धुतलं. मुळाशी टाळूच्या उबेने केस भराभर उजळले होते, स्वच्छ पिवळे. मधे पिवळं-केशरी. आणि खाली टोकाला अक्षरशः ही पपई. पण केस ओले होते, वर ट्यूबलाईट होती, मला सगळं एकसारखंच दिसलं आणि मी म्हटलं पिवळं आहे. लेव्हल नऊचा जांभळा टोनर, दहा व्हॉल्यूममध्ये कालवला, मुळापासून टोकापर्यंत लावला. वीस मिनिटांनी धुऊन वाळवलं तर मुळं एकदम सुंदर, मऊ राखाडी-सोनेरी, फोटोतल्यासारखी. टोकं तशीच. तशीच पण नाही, उलट जरा जास्त तांबडी वाटत होती.

आता इथे थांबते, कारण सगळा मुद्दा या टोकांत आहे. रंगाचं गणित आपल्याला चक्र दाखवून शिकवतात, समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात, ते पाठ होतं आणि विसरूनही जातं. मी तुम्हाला दुसऱ्या पद्धतीने सांगते. लाल, पिवळा, निळा, हे तीन भाऊ समजा. तिघं घरात असले की घर शांत, रंग तपकिरी-राखाडी, डोळ्याला न टोचणारा. एखादा भाऊ गैरहजर असला की उरलेले दंगा करतात. केस पिवळा दिसतोय म्हणजे घरात एकटा पिवळा आहे, लाल आणि निळा दोघं बाहेर. त्या दोघांना एकत्र आणा, लाल आणि निळा मिळून काय होतं? जांभळा. म्हणून पिवळ्यावर जांभळा. केस केशरी दिसतोय म्हणजे पिवळा आणि लाल दोघं घरात आहेत, बाहेर कोण? फक्त निळा. म्हणून केशरीवर निळा. आता त्या मुलीच्या टोकांवर मी काय केलं? लाल आधीच होता, मी जांभळ्यातून अजून एक लाल आत पाठवला. शिवाय लेव्हल नऊच्या टोनरमध्ये रंग असतोच फिका, तो लेव्हल सहा-सातच्या गडद केशरीवर दिसणार कसा.

मग मी घाईत दुसरी चूक केली. लेव्हल सातचा निळा ॲश टोनर कालवला आणि पुन्हा वरून खालपर्यंत लावला. टोकं छान बसली, बदामी-तपकिरी. आणि मुळं? तिथे टोनर केल्यावरही खाली फिकट पिवळा होताच, त्यावर निळा पडला, लाल कमी पडला, पिवळा अधिक निळा. विहिरीच्या पायरीवर शेवाळ असतं ना, तो रंग. मुलगी आरशात बघून रडायला लागली, काकू माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा मला तो तिसरा भाऊ आठवला. हिरव्यात कोण नाही, लाल नाही. लेव्हल आठचा गुलाबीसर बेज थोडासा कंडिशनरमध्ये पातळ केला, फक्त हिरव्या भागावर लावला आणि समोर उभी राहून दर मिनिटाला पुसून बघितलं. चौथ्या मिनिटाला हिरवं गेलं, तिथेच धुतलं. मुलगी हळदीला गेली, पण वर बदामी, खाली बदामी, फोटोतला राखाडीपणा गेला तो गेलाच. तिच्याकडून मी टोनरचे पैसे घेतले नाहीत.

एका ताईंनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं, प्रश्न इतका चांगला आहे की सगळ्यांसमोर सांगते. त्या म्हणाल्या, आमच्या आजी पिवळं पडलेलं धोतर निळीत बुडवायच्या, नीळ तर निळी असते, मग पिवळ्यावर निळा का चालत नाही? ताई, घरी गेल्यावर चिमूटभर नीळ बादलीत टाका आणि उजेडात नीट बघा. ती साधी निळी नाही, तिला जांभळी झाक आहे, अल्ट्रामरीन म्हणतात त्या रंगाला, त्यात लालाचा अंश आहे. आणि आजी टाकायच्या किती, चिमूटभर, तेही बादलीभर पाण्यात, आणि कापडाचं पिवळेपण अगदी फिकट. आजींच्या हाताला हे बरोबर कळत होतं.

बरं, बाई खूण करतायत, पंधराच मिनिटं राहिलीत, आणि मी जे शिकवायचं कबूल केलं होतं ते अजून राहिलंय, तर पटापट घेते, लिहून घ्या.

आधी बघायचं कसं. टॉवेलने पुसायचं नाही फक्त, केस पूर्ण वाळवायचा, कारण ओला केस गडद दिसतो. मग क्लायंटला दाराशी आणायचं, दिवसाच्या उजेडात, थेट उन्हात नाही, सावलीत. संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखाली हा निर्णय घेऊ नका. एक बट मुळाशी, एक मध्ये, एक टोकाला धरायची. रावेर-यावलच्या पिकल्या केळ्याची साल बाहेरून असते तशी दिसली तर लेव्हल आठ-नऊ, पिवळं, जांभळ्याचं काम. साल सोलून आतल्या बाजूसारखी दिसली तर लेव्हल दहा, तिथे जांभळा अगदी हलका आणि थोडाच वेळ. पपईच्या गरासारखी दिसली तर लेव्हल सहा-सात, निळ्याचं काम. दोन्हीच्या मधली असेल तर दोन्ही मिसळायचे, केशरी जास्त असेल तर दोन भाग निळा एक भाग जांभळा, आणि आधी मागच्या एका बटेवर लावून बघायचं.

ट्यूबच्या नावावर जाऊ नका. ॲश असं लिहिलेलं असतं, पण कुठल्या कंपनीचा ॲश निळा असतो, कुठला निळा-जांभळा, कुठला हिरवट. शेडच्या नंबरातला दशांशानंतरचा आकडाही प्रत्येक कंपनीचा वेगळा. शेड कार्डमागचा रंग-आधार वाचा, नाहीतर ट्यूबमधला थोडा पांढऱ्या कागदावर पसरून बघा. लेव्हल केसाइतकीच घ्या, पपईवर लेव्हल दहाचा टोनर म्हणजे पैसे पाण्यात.

माप आधी ट्यूबवर बघा, बऱ्याच टोनरना एकास दोन लागतं, म्हणजे तीस ग्रॅमला साठ मिली, दहा व्हॉल्यूम. दोन रंग दिसत असतील तर वाट्या दोन, ब्रश दोन. निळा आधी केशरी भागावर, कारण तिथे वेळ जास्त लागतो, पाच-सात मिनिटांनी जांभळा पिवळ्या भागावर. दर तीन मिनिटांनी एक बट पुसून बघा, वीस मिनिटं ही कमाल वेळ आहे, उद्दिष्ट नाही. फिकट केस ब्लीचने पोकळ झालेला असतो, तो रंग पटकन ओढतो, चार मिनिटांत लव्हेंडर होऊ शकतो. झालाच तर साध्या शाम्पूने दोनदा धुवा, बराच उतरतो. ॲलर्जीची टेस्ट अठ्ठेचाळीस तास आधी, ती सोडू नका.

आणि हे क्लायंटला ब्लीचच्या आधी सांगायचं, नंतर नाही: टोनर केस उजळवत नाही. केशरीवर निळा लावला की केशरी शांत होऊन बदामी-तपकिरी होतं, राखाडी-सोनेरी होत नाही. तिला फोटोतलंच हवं असेल तर केस आधी केळ्यापर्यंत न्यावा लागेल, त्यासाठी दुसरी बैठक, मधे काही आठवडे, आणि केस दमलेला असेल किंवा खाली मेहंदी असेल तर नाही म्हणायचं. काळी मेहंदी लावलेली असेल तर आधी दोन-चार तुटलेले केस घेऊन वाटीत ब्लीचमध्ये टाकून बघा, गरम झाले किंवा फेस आला तर डोक्याला ब्लीच लावायचंच नाही. टोनर चार ते सहा आठवड्यांत उतरतो, खालचं पिवळं-केशरी परत वर येतं, म्हणून पिवळ्यावाल्यांना जांभळा शाम्पू द्या आणि केशरीवाल्यांना निळा. दोघींना एकच बाटली विकू नका.

चला, वेळ संपली. या पिशवीत मी ब्लीच केलेल्या सहा बटा आणल्यात, कुणाच्याही मागे लेव्हल लिहिलेली नाही. केळं आणि पपई घेऊन दाराशी येते, तिथे उजेड चांगला आहे, एकेक बट धरून सांगा मला, वाटीत काय कालवायचं.