एकदाच ऐकलेली चाल आणि तिचा षड्ज

श्रोतेहो, नमस्कार. भजनात एखादी चाल कानावर येते, घरी आल्यावर पेटीवर तिचे स्वरही सापडतात आणि तरीही लिहिलेलं नोटेशन चुकतं. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, षड्ज चुकीच्या जागी धरलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. दोन काळ्यांच्या जोडीतली डावी ती काळी एक, तिथून पुढे काळी पाचपर्यंत मोजा. समजा, चालीचे सगळे स्वर या पाच काळ्यांवरच सापडले आणि ध्रुवपदाची ओळ अशी निघाली: चार, पाच, चार, तीन, दोन, एक. काळी एक हा सा मानला, तर ही ओळ प ध प म रे सा होते. हा दुर्गाचा स्वरमेळ झाला. तेच काळी तीनला सा म्हटलं, तर रे ग रे सा आणि पुढे मंद्रातले ध, प. हा झाला भूप. बोटं तीच, पट्ट्या त्याच, राग मात्र दोन!

मग ठरवायचं कसं? ओळीचा शेवटचा स्वर हा पहिला पुरावा, पण तो पुरेसा नाही, कारण भूपातली ओळही मंद्र पंचमावर थांबू शकते. म्हणून अंतरा आठवा. तो वर चढून जिथे ठामपणे टेकतो, तो बहुधा तार षड्ज असतो. त्याहून भक्कम पुरावा भजन चालू असतानाच मिळतो. गाणं सुरू होण्याआधी पेटीवाले जो सूर धरून ठेवतात, तो लक्षात घ्या आणि त्यांचं बोट कुठल्या पट्टीवर आहे ते पाहून ठेवा. नुसत्या आठवणीवर विसंबू नका. घरी पोचेपर्यंत गुणगुणण्याची पट्टी हटकून वर-खाली सरकते. स्वरांमधली अंतरं तेवढी टिकतात.

आता लिहायला बसा. आधी स्वर नकोत, मात्रा हव्यात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांचे रकाने आखा, टाळी देत शब्द म्हणा आणि अक्षरं त्या रकान्यांत बसवा. इथे एक चूक फार होते, पहिलं अक्षर पहिल्या मात्रेखाली लिहिलं जातं. पुष्कळ चाली समेआधी उठतात. आपली ओळ पाचव्या मात्रेपासून उठत असेल, तर प ध प म हे पाच ते आठ या मात्रांवर येतील, समेवर रे येईल, दुसऱ्या मात्रेवर सा आणि तो पुढे दोन मात्रा लांबेल. लांबलेल्या स्वरापुढे आडवी रेघ आणि त्याखाली अक्षराच्या जागी अवग्रह काढा. मंद्र स्वराखाली टिंब द्यायला विसरू नका, नाहीतर वाचणारा तो स्वर वरच्या सप्तकात गाईल.

मुख्य गायक दर आवर्तनात हरकती बदलतो, त्या आधी सोडून द्या. मागे साथ देणारे सगळे मिळून जे साधं म्हणतात, तीच मूळ चाल धरा. हरकती नंतर वरच्या ओळीत वेगळ्या लिहिता येतात.