रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्

नमस्कार, श्रोतेहो.

‘प्रज्ञापारमिता हृदय’ नावाचं एक छोटंसं संस्कृत सूत्र आहे. सगळ्यात जास्त म्हटला जाणारा त्याचा चिनी अनुवाद जेमतेम 260 अक्षरांचा आहे. चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम या देशांतल्या विहारांत तो रोज म्हटला जातो. हा अनुवाद ज्याच्या नावावर आहे तो ह्युएन त्संग सातव्या शतकात, चालुक्य पुलकेशीच्या राजवटीत, आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला होता. या सूत्रात बोलणारा आहे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या 1 क्रमांकाच्या लेण्यात हाती कमळ घेतलेला पद्मपाणी तुम्ही पाहिला असेल, तोच हा. ऐकणारा आहे बुद्धांचा थोरला शिष्य शारिपुत्र. त्याला अवलोकितेश्वर सांगतो, ‘रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्.’ रूप म्हणजे शून्यता, आणि शून्यता म्हणजेच रूप.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे हे सगळं जग खोटंच म्हणायचं की काय? समोरचं टेबल नाही, भिंत नाही, आपणही नाही? तसं या ओळीचं म्हणणं मुळीच नाही. ते नेमकं काय आहे, हे मला आज तुमच्यापुढे सावकाश मांडायचं आहे.

आधी रूप म्हणजे काय ते पाहू. इथे देखणेपणाचा संबंध नाही. बुद्धांनी माणसाचा अनुभव पाच गठ्ठ्यांत विभागून दाखवला, त्यांना पाच स्कंध म्हणतात. पहिला स्कंध रूप. आपलं शरीर आणि डोळ्यांना दिसणारं, कानांना ऐकू येणारं, हाताला लागणारं असं सगळं भौतिक त्यात येतं. म्हणजे आत्ता तुमच्या कानावर पडणारा हा आवाजसुद्धा रूपच. उरलेले चार मनाकडचे आहेत : वेदना, म्हणजे सुखद-दुःखद जाणवणं, संज्ञा, म्हणजे ओळखणं, संस्कार, म्हणजे मनाच्या सवयी आणि ओढी, आणि विज्ञान, म्हणजे जाणीव.

आता शून्यता. एखादं घर रिकामं आहे असं आपण म्हणतो तेव्हा ते माणसांनी रिकामं असतं. भिंती जागेवरच असतात. रिकामेपणा नेहमी कशाचा तरी असतो. म्हणून शून्य हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा : कशाने शून्य? हाच प्रश्न आनंद नावाच्या शिष्याने बुद्धांना विचारल्याचं संयुत्त निकाय या पाली सुत्तसंग्रहात आलं आहे. ‘जग शून्य आहे असं म्हणतात, ते कोणत्या अर्थाने?’ बुद्ध म्हणाले, जग आत्म्याने आणि आत्म्याच्या मालकीच्या अशा कशानेही शून्य आहे, म्हणून. हृदयसूत्र हेच आणखी पुढे नेतं. त्याच्या सुरुवातीलाच म्हटलंय की अवलोकितेश्वराला पाचही स्कंध ‘स्वभावशून्य’ दिसले. स्वभाव म्हणजे इथे तापट किंवा मवाळ स्वभाव नव्हे. स्वतःच्या बळावर, दुसऱ्या कशाचाही आधार न घेता असणारं असं जे काही, तो स्वभाव. त्या स्वभावाने वस्तू रिकामी असते. पण वस्तू असते.

याचा अर्थ नीट उलगडेल असा एक दाखला त्याच संयुत्त निकायात आहे, आणि आपण आवाजाच्याच माध्यमात भेटतो आहोत म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. एका राजाने वीणेचा आवाज कधीच ऐकलेला नसतो. एक दिवस तो ऐकतो आणि वेडावून जातो. विचारतो, इतका गोड, मन बांधून ठेवणारा हा आवाज कसला? लोक सांगतात, महाराज, ही वीणा. तो म्हणतो, घेऊन या. वीणा आणून समोर ठेवतात. राजा म्हणतो, ही वीणा मला नको, मला तो आवाज तेवढा आणून द्या.

लोक समजावतात. महाराज, वीणा अनेक गोष्टींची बनलेली असते. तिचा पोकळ भाग, त्यावरचं कातडं, दांडा, तारा, छेडायची नखी आणि वाजवणाऱ्याचा योग्य प्रयत्न, हे सगळं जुळून आलं की ती बोलते. राजाला ते पटत नाही. तो वीणा फोडतो. तुकड्यांचे तुकडे करतो, ढलप्या करतो, त्या जाळतो, राख करतो, ती राख वाऱ्यावर उधळतो. आवाज कुठेच सापडत नाही. मग तो म्हणतो, वीणा ही अगदीच टाकाऊ चीज आहे, लोक उगाच तिच्या नादी लागले आहेत.

बुद्धांनी हा दाखला पाच स्कंधांसाठी दिला. भिक्खू एकेक स्कंध तपासत जातो आणि त्यात कुठेही ‘मी’ किंवा ‘माझं’ हाती लागत नाही. पण राजाकडे मी हृदयसूत्राच्या ओळीतून पाहतो तेव्हा मला त्याच्या दोन चुका दिसतात, आणि ओळीचे दोन भाग त्या दोन चुकांवरची उत्तरं वाटतात.

राजाची पहिली चूक म्हणजे आवाज ही वेगळी काढून हातात घेण्याजोगी वस्तू आहे असं त्याने धरलं. कातडं, तारा, नखी, बोटं, मधली हवा आणि ऐकणारा कान, या सगळ्यांशिवाय आवाज आपला आपण कुठेतरी आत बसलेला असेल, असं त्याला वाटलं. ओळीचा पहिला भाग, ‘रूपं शून्यता’, यावर उत्तर देतो : असं स्वतंत्र काही तिथे नाही.

दुसरी चूक जास्त धोक्याची. शोधूनही आवाज सापडला नाही, म्हणून वीणाच टाकाऊ, असं त्याने ठरवलं. वास्तविक आत आवाज भरून ठेवलेला नाही म्हणूनच तर वीणा वाजू शकते! आवाज हा स्वतःच्या बळावर कायमचा असता, तर तो कधी सुरू झाला नसता, कधी थांबला नसता, पिळ बदलून वर-खाली झाला नसता. भैरव वाजला नसता आणि यमनही नाही. एकच नाद अखंड चालू राहिला असता. ‘शून्यतैव रूपम्’ म्हणजे हे. स्वतंत्र अस्तित्व नसणं हीच गोष्ट आवाज घडायला जागा करून देते. शून्यता आवाजाच्या मागे कुठे दडलेली नाही. तो घडतो त्या घडण्याचंच ते वर्णन आहे.

इथे कुणी म्हणेल, ठीक आहे, आवाज जोडून बनलेला आहे; पण तार तरी खरी आहे ना? शारिपुत्राला उद्देशून हे बोलणं का, ते इथे कळतं. बौद्ध परंपरेत अभिधर्माचे, म्हणजे अनुभवाचे घटक पाडून तपासणाऱ्या शास्त्राचे, काही आचार्य असं मानत की माणूस, रथ, वीणा हे जोडकाम आहे, पण ज्या मूळ घटकांचं ते बनतं त्या घटकांना स्वतःचा स्वभाव असतो. अशा बारीक विश्लेषणाशी शारिपुत्राचं नाव जोडलेलं आहे. हृदयसूत्र त्याला म्हणतं, घटकांपाशीही थांबू नकोस. तात, म्हणजे वीणेची तार, पाहा. ती जनावराच्या आतड्याची, पिळलेली, वाळवलेली. दमट हवेत तिचा स्वर बदलतो. पीळ, ताण, हवेतला ओलावा काढून घेतला तर ‘निव्वळ तार’ म्हणून काय उरतं? आणखी आत गेलात तरी तेच. तळाशी एखादी न हलणारी वीट मिळेल या आशेने खणत गेलो, तर अशी वीट लागत नाही.

मग सगळंच पोकळ, तर चांगलं-वाईट, दुःख आणि दुःखातून सुटका यांचं काय? हा आक्षेप शून्यतेचा विचार मांडणारा बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन याच्या काळीही होता. त्याने ‘मूलमध्यमककारिके’च्या चोविसाव्या प्रकरणात आधी तो आक्षेप पूर्ण मांडला आणि मग उलटवला. ज्याला शून्यता जुळते त्याला सगळंच जुळतं, असं तो म्हणतो. दुःख स्वभावाने असतं तर ते कधी संपलंच नसतं. मग मार्ग कशासाठी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हाच गैरसमज दूर केला आहे. शून्यता म्हणजे सर्वनाशवाद नव्हे, उलट तिच्यामुळेच सगळं शक्य होतं, असं ते लिहितात. जन्माने ठरलेलं, कधीच न बदलणारं माणसाचं सत्त्व नाकारणाऱ्याला हा विचार किती महत्त्वाचा वाटला असेल, हे मराठी श्रोत्यांना वेगळं सांगायला नको.

आणखी एक गल्लत आपल्याकडे सहज होते. शून्यता म्हणजे वस्तूंच्या मागचं एखादं परमतत्त्व, जणू ब्रह्मच, असा अर्थ लावला जातो. तो अर्थ इथे बसत नाही. शून्यतेलाही स्वतंत्र स्वभाव नाही. ती वस्तूंपासून वेगळी कुठे राहत नाही. सूत्र लगेच पुढे म्हणतं, रूपाहून शून्यता वेगळी नाही, शून्यतेहून रूप वेगळं नाही. नागार्जुन तर याबाबत फार कडक आहे. साऱ्या मतांमधून बाहेर पडायला बुद्धांनी शून्यता सांगितली. जे शून्यतेचंच मत करून बसतात ते असाध्य, असं तो म्हणतो. कुणी शून्यतेचं नाव घेऊन समोरच्याच्या दुःखाकडे पाठ फिरवू लागला, तर त्याने ओळीचा अर्धाच भाग घेतला आहे असं समजावं. ही ओळ सांगणारा अवलोकितेश्वर करुणेचा बोधिसत्त्व मानला जातो. अजिंठ्यात त्याची नजर खाली झुकलेली आहे.

‘एवमेव’ असं म्हणून सूत्र उरलेल्या चार स्कंधांनाही हेच लावतं. कुणी तुम्हाला चारचौघांत टाकून बोललं, तर जे लागतं ते पाहा. कानावर आला तो आवाज, हे रूप. टोचलं, ही वेदना. ‘हा माझा अपमान’ असं मनाने ओळखलं, ही संज्ञा. उलट बोलायची उबळ आली, हा जुना संस्कार. आणि हे सगळं जाणवलं ते विज्ञान. यातला ‘अपमान’ नेमका कुठल्या तुकड्यात आहे? आवाजात नाही, कारण ती भाषा न कळणाऱ्याला तो झालाच नसता. टोचण्यातही एकट्याने नाही, कारण तेच शब्द जिवलग मित्राने हसत म्हटले असते तर तुम्हीही हसला असता. तरीही अपमान झाला हे खरंच. टाकून बोलणाऱ्याची जबाबदारी त्याने पुसली जात नाही. पण तो दगडासारखा एकसंध नाही. जुळून आलेल्या गोष्टींचा आहे, आणि जे जुळून येतं ते सुटूही शकतं.

हे सूत्र तुम्ही वाचायला घेतलंत, तर या ओळीनंतर नकारांची रांगच लागेल. डोळा नाही, कान नाही, अविद्या नाही, जरामरण नाही, इतकंच काय, दुःख नाही आणि मार्गही नाही. शेवटच्या दोन नकारांपाशी बरेच वाचक दचकतात, कारण तिथे चार आर्यसत्यंच नाकारल्यासारखी वाटतात. तेव्हा सूत्राच्या सुरुवातीचा ‘स्वभावशून्य’ हा शब्द सोबत ठेवा आणि प्रत्येक ‘नाही’च्या आधी ‘स्वभावाने’ असं मनात म्हणत सावकाश वाचा.