किती मागवायचं आणि कधी मागवायचं

नमस्कार श्रोतेहो. आज आपण स्टोअरमधल्या दोन प्रश्नांवर बोलणार आहोत, माल एका वेळी किती मागवायचा आणि कधी मागवायचा. हे दोन प्रश्न लोक एकाच दमात विचारतात, पण मी स्टोअर आणि परचेस दोन्हीकडे बरीच वर्षं काढलीत आणि मला ठामपणे वाटतं की हे वेगवेगळे आहेत. पहिल्यात थोडं चुकलं तरी फारसं बिघडत नाही, दुसऱ्यात थोडं चुकलं की काम थांबतं. आणि आपण बहुतेक वेळा सगळी डोकेफोड पहिल्यावरच करत बसतो.

एकच वस्तू घेऊ, एक बेअरिंग. असेंब्लीत रोज १२ लागतात, वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरा, म्हणजे वर्षाला ३६०० झाली. एका बेअरिंगची किंमत १६०. चलन कुठलंही धरा, मी नुसते आकडे सांगते, जवळ कागद असेल तर लिहून घ्या.

आता खर्च दोन बाजूंनी येतो. एक, ऑर्डर देण्याचा. पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर बनवायची, सह्या घ्यायच्या, फॉलोअपचे फोन, गाडी आली की उतरवून घ्यायचं, मोजायचं, तपासायचं, बिल चढवायचं, पैसे पाठवायचे. हे सगळं ऑर्डर ५० ची असो की ५०० ची, जवळपास तेवढंच पडतं, म्हणून हा खर्च नगामागे नसतो, ऑर्डरमागे असतो. आपण तो ४०० धरू. दुसरा खर्च माल ठेवण्याचा, ज्याला कॅरिंग कॉस्ट म्हणतात. त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज येतं, जागा, विमा, गंज, हरवणं, आणि डिझाइन बदललं तर पडून राहिलेला माल. समजा व्याजाचे १२ टक्के, जागा आणि विम्याचे ३, खराबी आणि जुनं होण्याचे ५, असे वर्षाला किमतीच्या २० टक्के. १६० चे २० टक्के म्हणजे एक बेअरिंग वर्षभर रॅकवर बसलं तर ३२ खर्च.

इथे एक गोष्ट नीट बघायची. हिशेबात फक्त तोच खर्च घ्यायचा जो ऑर्डरचा आकार बदलल्यावर खरंच बदलतो. गोडाऊनचं भाडं माल अर्धा केला तरी तेवढंच भरायचं असेल आणि त्या रिकाम्या जागेचा दुसरा काही उपयोग होणार नसेल, तर ते भाडं यात घालायचं नाही. तसंच परचेसमधल्या माणसाचा अख्खा पगार भागिले ऑर्डरींची संख्या असं करून जे ऑर्डरच्या खर्चाचा आकडा काढतात तेही चूक, कारण चार ऑर्डरी कमी केल्याने पगार काही कमी होत नाही.

मोठी ऑर्डर दिली की ऑर्डरी कमी पण रॅकवर माल जास्त, छोटी दिली की उलटं. यातला सगळ्यात स्वस्त आकडा काढायचं गणित फोर्ड हॅरिस नावाच्या इंजिनियरने १९१३ सालीच मांडलं होतं आणि आजही तेच वापरतात, त्याला ईओक्यू म्हणतात. वर्षाची गरज गुणिले एका ऑर्डरचा खर्च, त्याची दुप्पट करा, एका नगाच्या वर्षभराच्या कॅरिंग खर्चाने भागा आणि वर्गमूळ काढा. आपल्या बेअरिंगचं करू. ३६०० गुणिले ४००, दुप्पट केली की २८ लाख ८० हजार, भागिले ३२ म्हणजे ९० हजार, त्याचं वर्गमूळ ३००. म्हणजे एका वेळी ३००, वर्षाला १२ ऑर्डरी. ऑर्डरींचा खर्च १२ गुणिले ४००, ४८००. रॅकवर सरासरी एका वेळी मागवलेल्या मालाचा, म्हणजे लॉटचा, निम्मा भाग असतो, १५०, त्याला ३२ ने गुणलं की तेही ४८००. दोन्ही बाजू सारख्या आल्या, हा योगायोग नाही, सगळ्यात स्वस्त जागी त्या सारख्याच येतात, आणि हिशेब बरोबर झालाय का हे तपासायला ही खूण चांगली आहे. एकूण ९६००.

आता सप्लायर म्हणतो की माझा खोका १२० चा, फोडून देणार नाही. मग ३०० कसे मागवायचे? मी सांगते, बिनधास्त तीन खोके मागवा, ३६०. ऑर्डरी १० होतात, त्याचे ४०००, आणि रॅकवर सरासरी १८०, त्याचे ५७६०, एकूण ९७६०. वर्षभरात १६० जास्त, दोन टक्केसुद्धा नाही. अगदी दुप्पट मागवलं, ६००, तरी खर्च १२,००० होतो, म्हणजे २५ टक्के जास्त, आणि निम्मं मागवलं, १५०, तरी तेच १२,०००. खर्चाची रेघ कागदावर काढली तर तळाशी ती खूप सपाट आहे, परातीसारखी. ऑर्डरचा खर्च आपण ४०० धरला आणि खरा ८०० निघाला, दुपटीची चूक झाली, तरी ३०० च मागवत राहिल्याने वर्षाला साधारण ६ टक्केच जास्त जातात, कारण वर्गमूळ काढताना ती चूक दबते. म्हणून तो ४०० खरा की ४२० यावर मीटिंगा घेणं मला पटत नाही, तो वेळ दुसऱ्या प्रश्नाला द्यायला हवा.

दुसरा प्रश्न, कधी. याला रीऑर्डर पॉइंट म्हणतात, म्हणजे माल कितीवर आला की ऑर्डर टाकायची. ऑर्डर टाकल्यापासून माल हातात येईपर्यंत जेवढा लागेल तेवढा, अधिक अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला थोडा माल, म्हणजे सेफ्टी स्टॉक. त्या मधल्या दिवसांना लीड टाइम म्हणतात. रोज १२, लीड टाइम १० दिवस, म्हणजे १२०, त्यावर ३० सेफ्टी, असे १५०. लॉट ३०० चा आहे की ३६० चा याचा इथे संबंधच नाही, इथे फक्त दिवस आणि खप.

पण हे १० दिवस मोजायचे कुठून कुठपर्यंत? सप्लायर सांगतो सहा दिवस, आणि सहाच लोक सिस्टिममध्ये टाकून देतात. त्याच्या आधी पीओवर सही व्हायला दोन दिवस गेलेले असतात, आणि माल गेटवर आल्यावर तपासणी होऊन रॅकवर चढायला अजून दोन. खप काही सप्लायरच्या घड्याळावर चालत नाही ना, तो सहीची वाट बघतानाही चालूच असतो. सहा दिवस धरले असते तर ७२ अधिक ३०, म्हणजे १०२ वर ऑर्डर गेली असती, आणि दहाव्या दिवशी लागणार होते १२०. सेफ्टी स्टॉक संपून वर १८ नग कमी पडले, आणि यात उशीर कोणीच केलेला नाही.

अजून एक, सरासरी फसवते. समजा मागच्या आठ ऑर्डरींना लागलेले दिवस रजिस्टरमधून काढले, ८, ९, १०, ९, १५, १०, ९, १०. बेरीज ८०, सरासरी १०, कागदावर सगळं छान. पण त्या १५ वाल्या वेळी काय झालं ते बघा. १५० वर ऑर्डर गेली, रोज १२ प्रमाणे ती साडेबारा दिवस पुरली, पुढचे अडीच दिवस रॅक रिकामा. ३० बेअरिंग कमी पडली. मग सेफ्टी ३० ची ६० करायची का? १८० वर ऑर्डर टाकली तर ते ३० नग वर्षभर जादा बसणार, ३२ प्रमाणे ९६० खर्च. वर्षाला १० ऑर्डरी, आठात एक उशिरा, म्हणजे वर्षातून सव्वा वेळा अडचण. ९६० भागिले सव्वा, ७६८. एकदा असेंब्ली थांबल्याचं नुकसान ७६८ पेक्षा जास्त असेल तर ते ३० नग ठेवणं स्वस्त आहे, कमी असेल तर नाही. म्हणजे सेफ्टी स्टॉक किती हेही शेवटी कॅरिंग कॉस्टशीच जोडलेलं आहे, फक्त समोरच्या पारड्यात ऑर्डरचा खर्च नसतो, थांबलेलं काम असतं. आठच ऑर्डरींवरून काढलेला अंदाज कच्चा आहे हे मात्र लक्षात ठेवा, जसजशा ऑर्डरी येतील तसे त्यात दिवस चढवत जा.

रीऑर्डर पॉइंट पाळायला कॉम्प्युटरच लागतो असंही नाही. १८० नग वेगळ्या खोक्यात भरायचे, वर लाल टेप मारायची, आतच ऑर्डरचं कार्ड ठेवायचं. बाहेरचे संपले आणि टेप फाडली की कार्ड त्याच दिवशी परचेसकडे गेलं पाहिजे, आणि नवीन माल आला की आधी तो खोका भरून परत टेप. कोणाला रोज मोजत बसावं लागत नाही. फक्त खप वाढला किंवा लीड टाइम बदलला की खोक्यातला आकडा बदलायचा, हे विसरतात लोक, मी दोन-दोन वर्षं जुना आकडा तसाच पाहिलाय.

आणि आता ती चूक जी मी स्वतः केलीय, एका कारखान्यात. लांबच्या सप्लायरकडे गेलो, लीड टाइम ४० दिवस झाला. रोज १२ प्रमाणे ४८०, त्यावर ६० सेफ्टी, रीऑर्डर पॉइंट ५४०. लॉट तोच ३६० चा. मी रॅक बघायचे, माल ५४० च्या खाली, ऑर्डर टाकायचे. दुसऱ्या आठवड्यात परत बघितलं, अजून खालीच, परत ऑर्डर. तिसऱ्यांदाही तेच. दोन महिन्यांनी गाड्या लागोपाठ आल्या आणि ठेवायला जागा उरली नाही. बघा ना, नवीन माल येतो तेव्हा रॅकवर ६० उरलेले असतात, अधिक ३६०, म्हणजे रॅक भरून भरून ४२० होणार, ५४० ला तो कधी पोचणारच नाही, मी रोज बघितलं असतं तर रोज ऑर्डर गेली असती. बघायचा असतो रॅकवरचा अधिक वाटेवरचा. रॅकवर १८० आणि आधीच दिलेल्या ऑर्डरचे ३६० यायचे बाकी, बेरीज ५४०, तेव्हा नवीन ऑर्डर. ती दिल्यावर दहा दिवसांनी रॅकवर ६० उरतात आणि आधीचे ३६० येऊन पोचतात, बरोबर जुळतं. त्या वेळी आम्ही रॅकवरच्या मालाची नोंद ठेवायच्या बिन कार्डवर 'येणं बाकी' असा एक कॉलम आखला, पीओ गेली की त्यात आकडा चढवायचा, माल उतरला की खोडायचा, आणि ऑर्डर टाकायची की नाही हे दोन्ही कॉलमची बेरीज बघूनच ठरवायचं. लाल टेपच्या खोक्याची पद्धत मात्र या बेअरिंगला तिथेच बंद केली, कारण खोका फक्त रॅकवरचं सांगतो, वाटेवरचं त्याला दिसत नाही.