तळहाताच्या घामाचे औषध रात्री का लावायचे?

श्रोतेहो, एप्रिल-मे महिन्यात घाम येणे हा आजार मानला, तर सगळ्या सोलापूरकरांना केसपेपर काढावा लागेल. मला बोलायचे आहे ते डिसेंबरच्या पहाटेही ज्यांच्या तळहातांतून घामाचे थेंब ठिबकतात त्यांच्याविषयी. तळहात आणि तळपाय यांच्या घामग्रंथी उन्हापेक्षा मनाच्या हालचालींना अधिक दाद देतात आणि काही माणसांत त्यांना चेतवणाऱ्या मज्जातंतू गरजेपेक्षा जास्त संदेश पाठवत राहतात. ग्रंथी मात्र पूर्णपणे निरोगी असतात.

गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यातील तरुणी माझ्याकडे आली होती. पांढऱ्या शर्टाची कॉलर मशीनखाली सरकवताना तिच्या बोटांचे ओले डाग कापडावर उमटत आणि त्यावर मशीनच्या तेलाचा अंश बसला की तो नग बाजूला काढला जाई. नगावर मजुरी असल्यामुळे त्याचा फटका तिलाच बसे. हजेरीच्या यंत्रावर अंगठा उमटत नसे, तो त्रास निराळाच. घरच्यांनी अंगातली उष्णता कमी व्हावी म्हणून सब्जा पाजला होता, एका ठिकाणी शक्तीचे टॉनिक मिळाले होते आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला तर सर्वांनीच फुकट दिला होता. या सल्ल्यावर माझा जुना राग आहे, कारण घामाच्या भीतीने घाम वाढतो हे खरे असले तरी मुळात तो टेन्शनमुळे सुरू झालेला नसतो.

मी तिला विचारले, “झोपेत हात ओले असतात का?” तिची आई म्हणाली, “नाही डॉक्टरसाहेब, झोपली की कोरडे ठणठणीत. हिच्या वडिलांचंही असंच आहे.” दोन्ही हातांना सारखाच, शाळेच्या वयापासूनचा, झोपेत थांबणारा आणि घराण्यात आढळणारा घाम असेल, तर निदान बहुधा तिथेच होते. याउलट चाळिशीनंतर अचानक सर्वांगाला घाम येऊ लागला, रात्री कपडे भिजू लागले, वजन घटले किंवा छातीत धडधड होऊ लागली, तर थायरॉइड, क्षयरोग, मधुमेह आणि चालू असलेली औषधे यांची चौकशी आधी करावी लागते.

तिला कोणीतरी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे वीस टक्क्यांचे द्रावण दिले होते. सकाळी हात धुऊन, ओलसर असतानाच ते चोळून ती कामाला जाई. आग होऊन कातडी लाल झाली आणि औषध बंद पडले. आज मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. हा क्षार पाण्याशी मिसळला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते आणि आग होते ती त्यामुळे. कोरड्या त्वचेवर मात्र तो घामाच्या नळीच्या तोंडाशी शिरतो आणि बाटलीला बूच बसावे तसा तिथे अडकतो. घाम वाहत असताना ते बूच बसण्याआधीच धुऊन निघते, म्हणून घाम थांबलेला असतो ती रात्रीची वेळ निवडायची. हात पंख्याखाली पूर्ण कोरडे करून झोपताना पातळ थर लावायचा, चिरा पडलेल्या असतील तिथे टाळायचा आणि सकाळी साबणाने धुऊन टाकायचा. फरक दिसेपर्यंत रोज रात्री, पुढे आठवड्यातून एक-दोनदा पुरते, मात्र पूर्ण बंद केल्यास त्वचा नवी होत जाते तसे बूच निघून घाम परत येतो. नुसता डिओडरंट इथे उपयोगाचा नाही, कारण तो वास झाकतो, घाम रोखत नाही. या पद्धतीने तिचे हात कामापुरते आटोक्यात आले. तळपायांना मात्र फारसा फरक पडला नाही, कारण तिथली त्वचा जाड असते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे पुढचे उपचार धावतपळत सांगतो. आयंटोफोरेसिसमध्ये हात किंवा पाय पाण्याच्या पसरट भांड्यांत ठेवून सौम्य वीजप्रवाह सोडतात. वीस ते तीस मिनिटे, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, मग बहुतेकांना एकदा पुरते. साधे नळाचे पाणी चालते. आरओचे फार शुद्ध पाणी उलट वीज नीट वाहू देत नाही. पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवतींनी हे करू नये. बोटॉक्सच्या सुया तळहाताला फार दुखतात, परिणाम काही महिनेच टिकतो आणि पकड तात्पुरती ढिली पडू शकते, म्हणून शिवणकाम करणाऱ्यांनी विचार करूनच त्या घ्याव्यात. ग्लायकोपायरोलेटसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि सगळ्या अंगाचाच घाम कमी होतो. आपल्या उन्हाळ्यात उन्हात राबणाऱ्याला त्यातून उष्माघाताचा धोका आहे. छातीतील मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया तळहात लगेच कोरडे करते, पण त्यानंतर पाठ, पोट आणि मांड्यांना भरपाईचा घाम सुटू शकतो, कधी आधीपेक्षाही त्रासदायक, आणि तो बहुधा मागे फिरत नाही. म्हणून बाकी सर्व उपाय थकल्याशिवाय या शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करू नका. आता प्रश्न घेऊ.